विषय: १५ जूनपासून रिकामी डेव्ह मशिन्स रात्री आपोआप बंद होणार

नमस्कार मंडळी,

सोमवार, १५ जूनच्या रात्रीपासून क्लाउडवरची आपली डेव्हलपमेंट मशिन्स, त्यांवर काही काम चालू नसेल तर, आपोआप बंद होतील. त्याआधी ८ जूनपासून आठवडाभर रंगीत तालीम आहे. त्या आठवड्यात फक्त "आज हे मशीन बंद झालं असतं" एवढा मेसेज येईल, प्रत्यक्षात काहीही बंद होणार नाही. मेल लांब आहे, पण पूर्ण वाचा. विशेषतः ज्यांच्या मशीनवर रात्रीचा क्रॉन लावलेला आहे त्यांनी.

आधी पैशाचं सांगतो. आपल्याकडे २८ डेव्ह मशिन्स आहेत आणि गेल्या महिन्याच्या बिलाप्रमाणे एका मशीनचा तास सरासरी १५ रुपयांना पडतो. महिन्याचे सरासरी ७३० तास धरले तर नुसती मशिन्स चालू ठेवण्याचे ३ लाख ६ हजार रुपये होतात. ती दिवस-रात्र, रविवारी, दिवाळीच्या सुटीतही चालू असतात, कारण बंद करणं हे कुणा एकाचं काम नाही आणि सकाळी पुन्हा सुरू करायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. कुणाला दोष देत नाही. व्यवस्थाच तशी होती, म्हणून ती बदलतो आहोत.

पाच मशिन्स या नियमातून कायमची वगळली आहेत. उरली २३. महिन्याचे २४ कामाचे दिवस आणि रोज सकाळी ९ ते रात्री ११ असं अगदी सढळ हाताने धरलं तरी ३३६ तास होतात. म्हणजे उरलेल्या ३९४ तासांचे पैसे आपण कुणी बसलेलं नसताना भरतो आहोत. २३ मशिन्सचा हिशोब १ लाख ३५ हजारांवर जातो. पण सगळी मशिन्स रोज वेळेवर रिकामी सापडणार नाहीत, काही जण रात्री काम करतील, काही सवलती घेतील. म्हणून मी वर १ लाख १० हजार रुपये महिना एवढंच कबूल करून आलो आहे. डिस्कचं भाडं यात वाचत नाही. मशीन बंद असलं तरी डिस्क आपल्या नावावर असते आणि तिचे महिन्याला सुमारे २० हजार लागतच राहतात. स्थिर पब्लिक आयपीचं भाडंही बंद मशीनला चालूच राहतं, म्हणून वापरात नसलेले आयपी मी या आठवड्यात सोडून देणार आहे. तुमचा एखादा लागत असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.

हे पैसे कुठे जाणार तेही ठरवून घेतलं आहे. पहिल्या तीन महिन्यांच्या बचतीतून आपल्याला जुने, कमी रॅमचे अँड्रॉइड फोन घ्यायचे आहेत. रावेर-यावलकडचे शेतकरी आपलं ॲप ज्या फोनवर वापरतात तसे. आपण ते भारी फोनवर तपासतो आणि तिकडे केळीच्या बागेत फोटो अपलोड होता होता ॲप बंद पडतं, ही तक्रार कितीदा आली आहे. मला ते काम मनापासून करायचं आहे आणि त्यासाठी वेगळा निधी मागायला जायची वेळ आता येणार नाही.

आता मशीन रिकामं आहे हे कसं ठरणार. रात्री ११ वाजता पहिली तपासणी होईल, नंतर दर अर्ध्या तासाने, सकाळी ६ पर्यंत. मागच्या ६० मिनिटांत सीपीयूचा सरासरी वापर ५ टक्क्यांखाली, नेटवर्कवर नावापुरतीच ये-जा, आणि टर्मिनलमध्ये कुणी काही टाइप केलेलं नाही, या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतील तरच मशीन रिकामं धरलं जाईल. एक जरी खोटी ठरली तर त्याला हात लागणार नाही. एडिटर नुसता जोडलेला राहिला तर तो काम म्हणून मोजला जात नाही, कारण लॅपटॉप उघडा ठेवून जेवायला गेलेला माणूस आणि काम करणारा माणूस दोघांचंही कनेक्शन सारखंच दिसतं. उलट फाईल बदलली की सर्व्हर आपोआप रीलोड करणारी साधनं कधी कधी काही न करता सीपीयू खातात. तसं मशीन कधीच रिकामं दिसणार नाही. तालमीच्या आठवड्यात मला मुख्यतः हेच बघायचं आहे. आकडे तपासून ५ टक्क्यांची रेघ वर-खाली करू.

सुरुवातीला ८ ची वेळ सुचवण्यात आली होती. मी ती नाकारली. भुसावळ, पाचोऱ्याहून अप-डाऊन करणारे आपले निम्मे लोक साडेसहाला गाडीसाठी निघतात आणि घरी जेवण करून ९-१० च्या सुमारास पुन्हा बसतात. त्यांचं मशीन ८ ला बंद करून पैसे वाचवणं मला पटत नाही. शिवाय आता वादळी पावसाचे दिवस आहेत, यावल-चोपड्याकडे वीज गेली की तासन्‌तास येत नाही. घरची वीज किंवा नेट गेलं आणि तुमचा बिल्ड टीमक्समध्ये चालू असेल तर सीपीयू वापरात असल्यामुळे मशीन चालूच राहील. पण तुम्ही फक्त कोड लिहीत होतात आणि वीज गेली, तर ११ नंतर, तासभर हालचाल नाही म्हणून, ते बंद होऊ शकतं. यावर उपाय एकच, उठण्याआधी फाईल सेव्ह करून ब्रँचवर पुश करायची.

बंद होण्याच्या १५ मिनिटं आधी टीमच्या चॅटवर तुमच्या नावाने आणि उघड्या टर्मिनलवर सूचना येईल. एखादी कळ दाबली तरी पुढचा तासभर मशीन सुरक्षित. रात्रभर काही चालवायचं असेल तर मशीनवर ही कमांड द्या:

```
jaga --until 06:00 --reason "nightly import"
```

ती `/run` मध्ये एक छोटी फाईल ठेवते. मशीन रीबूट झालं की ती फाईल जाते, त्यामुळे विसरलेली सवलत महिनोन्‌महिने चालू राहणार नाही. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. कारण एका ओळीत लिहा, एवढंच.

सकाळी मशीन आपोआप सुरू होणार नाही. काही जणांनी ते मागितलं होतं, पण तसं केलं तर रजेवर असलेल्यांचीही मशिन्स ९ ला सुरू होतील आणि बचतीचा मोठा भाग तिथेच जाईल. तुमच्या लॅपटॉपवरून:

```
devbox start
```

दोन-तीन मिनिटं लागतात. बस किंवा गाडीतून उतरताना मोबाइलवरून चॅटमध्ये तीच कमांड दिली तरी चालते.

मशीन बंद होतं, नष्ट होत नाही, हे नीट समजून घ्या. मुख्य डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं राहतं. जातं ते मेमरीतलं: चालू प्रोसेस, टीमक्सचे सेशन, सेव्ह न केलेलं. `/tmp` वर विसंबू नका. आपोआप मिळालेला पब्लिक आयपी प्रत्येक वेळी बदलतो, प्रायव्हेट आयपी तोच राहतो, म्हणून कॉन्फिगमध्ये आयपी लिहिले असतील तर होस्टनेम टाका. डॉकरचे कंटेनर मशीनबरोबर आपोआप उठायला हवे असतील तर कंपोज फाईलमध्ये `restart: unless-stopped` असल्याची खात्री करा.

सगळ्यात जपायची गोष्ट `/scratch`. इमेज-प्रोसेसिंगच्या दोन मशिन्सवर ती मशीनला जोडलेली लोकल डिस्क आहे आणि मशीन बंद केलं की तिच्यावरचा डेटा कायमचा जातो, परत मिळत नाही. म्हणून ही दोन मशिन्स ३० जूनपर्यंत नियमाबाहेर ठेवली आहेत. वर धरलेल्या पाच कायमच्या मशिन्सपेक्षा ही वेगळी. तोपर्यंत हर्षलभाऊ तिथले पानांचे फोटो स्टोरेज बकेटमध्ये हलवतील. ज्यांचं काही तिथे पडलेलं आहे त्यांनी त्यांच्याशी बोलून घ्या.

कायमची वगळलेली पाच अशी: सीआयची दोन, स्टेजिंग, ग्राहकांना दाखवायचं डेमो मशीन आणि यावलच्या चाचणी-शेतातल्या हवामान सेन्सरचा डेटा घेणारं मशीन. शेवटचं रात्रीच जास्त महत्त्वाचं आहे, पहाटेचं तापमान हुकलं तर त्या दिवसाचा डेटा निरुपयोगी. स्टेजिंगचा डेटाबेसही या योजनेत नाही. ती मॅनेज्ड सेवा आहे, बंद केली तरी सात दिवसांनी स्वतःहून सुरू होते, त्यामुळे तिचा विचार वेगळा करावा लागेल. ज्याची ऑन-कॉलची पाळी असेल त्याचं मशीन त्या आठवड्यापुरतं आपोआप वगळलं जाईल.

तुमचं मशीन जास्त दिवस चालू ठेवायचं असेल तर भाग्यश्रीताईंना कळवा. त्या मशीनला `night-stop=no` टॅग, मालकाचं नाव आणि संपण्याची तारीख लावतील. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस, गरज असेल तर वाढवता येईल. "सुरू करायला वेळ लागतो" हे कारण चालणार नाही. "क्लायंटची चाचणी रात्रभर चालते" हे चालेल.

आणि क्रॉन. मला माहीत आहे की बाजारभाव आणणाऱ्या दोन-तीन स्क्रिप्ट्स कुणाच्या ना कुणाच्या डेव्ह मशीनवरून पहाटे चालतात. १५ तारखेनंतर त्या चालणार नाहीत, आणि सकाळी ॲपमध्ये कालचे भाव दिसतील. तसं होता कामा नये. अशा स्क्रिप्ट्स १२ जूनपर्यंत सामायिक शेड्युलरवर हलवा. कशा हलवायच्या हे माहीत नसेल तर माझ्याकडे या, आपण बरोबर बसून करू.

एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवतो, कारण दोघांनी हळूच विचारली. कोण रात्री किती वेळ काम करतं हे बघायला ही व्यवस्था नाही. तपासणीत मशीनचं नाव आणि "रिकामं" किंवा "चालू" एवढंच नोंदलं जातं, तीही नोंद १४ दिवसांनी पुसली जाते. हजेरीशी किंवा मूल्यमापनाशी तिचा संबंध जोडला जाणार नाही, हे मी लेखी देतो आहे.

शुक्रवारी, ५ जूनला दुपारी ४ वाजता अर्धा तास भेटू. धुळे-नंदुरबारहून काम करणाऱ्यांसाठी कॉलची लिंक कॅलेंडरवर आहे. १५ च्या रात्री मी स्वतः १ वाजेपर्यंत जागा आहे. चालू काम असताना मशीन बंद झालं तर संकोच न करता फोन करा. सगळ्यांसाठी पुन्हा नीट होईपर्यंत ती रात्रीची फेरी थांबवण्याचं बटण माझ्याकडे आणि भाग्यश्रीताईंकडे आहे.

आपला,
योगेश
टीम लीड, प्लॅटफॉर्म
जळगाव