टोकाच्या नोंदींची हाताळणी

खरीप २०२३ मध्ये औसा तालुक्यातील सोयाबीनच्या ११८ प्लॉटचे एकरी उत्पादन नोंदवले. त्यांपैकी ५८ प्लॉटवर बीबीएफ यंत्राने रुंद सरी-वरंब्यावर, तर ६० प्लॉटवर सपाट पेरणी झाली होती. प्रत्येक गटात पहिल्या चतुर्थकाच्या खाली किंवा तिसऱ्या चतुर्थकाच्या वर आंतरचतुर्थक अंतराच्या दीडपटीहून अधिक दूर असलेली नोंद तपासायची, हा नियम विश्लेषणापूर्वीच लिहून ठेवला होता. हा नियम नोंद तपासायला घ्यावी की नाही एवढेच ठरवतो; ती वगळायची की नाही, हे शेतातील कारणावरून ठरवले आणि त्या वेळी प्लॉट कोणत्या गटातील आहे हे झाकून ठेवले होते.

अशा सात नोंदी निघाल्या. त्यांतील दोन नोंदणीच्या चुका होत्या: एका ठिकाणी ७.८ क्विंटलऐवजी ७८ लिहिले गेले होते, तर दुसऱ्या ठिकाणी वीस गुंठ्यांचे उत्पादन एकराचे म्हणून नोंदले होते. काट्याच्या पावतीवरून दोन्ही दुरुस्त केल्या. तीन नोंदी वगळल्या. सपाट गटातील दोन प्लॉटचे पीक (०.९ आणि १.६ क्विंटल) रानडुकरांनी उद्ध्वस्त केले होते, तर बीबीएफ गटातील एका प्लॉटची (१.२ क्विंटल) कापणीनंतरची गंजी मळणीपूर्वी भिजून सडली होती. या नुकसानीचा पेरणीच्या पद्धतीशी संबंध नाही, असे आम्ही मानतो. डुकरांच्या बाबतीत कोणी यावर आक्षेप घेऊ शकेल, म्हणूनही या तीन नोंदी धरून आणि वगळून आलेले दोन्ही निकाल पुढे दिले आहेत.

उरलेल्या दोन नोंदी ठेवल्या. बीबीएफ गटातील १४.६ क्विंटलचे वजन पावतीशी जुळले. सपाट गटातील २.४ क्विंटलच्या प्लॉटमध्ये पाणी साचून पीक पिवळे पडले होते. पाण्याचा निचरा हाच बीबीएफचा मुख्य हेतू असल्याने अशी नोंद वगळणे म्हणजे ज्या परिणामाचा शोध घ्यायचा तोच पुसून टाकणे ठरले असते.

चुका दुरुस्त केल्यावर सर्व ११८ प्लॉट धरून केलेले विश्लेषण हे मुख्य विश्लेषण मानले. त्यात बीबीएफची सरासरी ८.४२, तर सपाट पेरणीची ७.३५ क्विंटल होती (प्रमाण विचलन अनुक्रमे २.१० व २.०५). वेल्च चाचणीनुसार फरक १.०७ क्विंटल असून त्याचा ९५ टक्के विश्वासांतराल ०.३१ ते १.८३ आहे. तीन प्लॉट वगळल्यावर सरासरी ८.५५ व ७.५६ (प्रमाण विचलन १.८८ व १.७३), फरक ०.९९ आणि विश्वासांतराल ०.३२ ते १.६५ आला. म्हणजे वगळणुकीने फरक थोडा घटला आणि अंदाज अधिक नेमका झाला. निष्कर्षाची दिशा तीच राहिली. १४.६ क्विंटलची नोंद आमच्या गृहीतकाला सर्वाधिक अनुकूल असल्याने तीही काढून पाहिली. तेव्हा फरक ०.८८ (०.२४ ते १.५२) इतका उरला.