विषय : जाहीर मापापेक्षा रुंद आलेले कपाट परत घेऊन रक्कम मिळण्याबाबत

दि. १६ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
फर्निचर शोरूम, सिंहगड रस्ता, पुणे

महोदय,

२ जून रोजी आपल्या दुकानातून आम्ही तीन दारांचे कपाट घेतले. कपाटाचे ३८,५०० रुपये आणि पोच व जोडणीचे १,२०० रुपये त्याच दिवशी पूर्ण भरले. शनिवारी, १४ तारखेला आपल्या माणसांनी ते घरी आणून जोडले. ते जागेत बसत नाही, आणि त्याला कारण आमचे माप नाही, आपले आहे.

आमच्या बेडरूममध्ये आरसीसी कॉलम आणि बाथरूमची भिंत यांच्यामध्ये एक खाच आहे. कपाट घ्यायचे ते याच खाचेसाठी, हे मी काउंटरवरच्या मुलाला सांगितले होते आणि फोनमधला फोटोही दाखवला होता. खाचेची रुंदी जमिनीलगत १२४५ मिमी, मध्यावर १२४३ आणि कपाटाच्या उंचीवर १२४० मिमी भरते. प्लास्टर वर जाताना थोडे आत आले आहे, म्हणून आम्ही सगळ्यात कमी आकडाच धरला. आपल्या संकेतस्थळावर या मॉडेलपुढे ‘एकूण रुंदी १२२० मिमी’ असे छापले आहे आणि बिलावरही १२२० लिहिले आहे. म्हणजे दोन सेंटिमीटर शिल्लक राहायला हवे होते.

प्रत्यक्षात कपाटाचा सांगाडा १२२० मिमीच आहे, पण वरचे मोल्डिंग दोन्ही बाजूंना ३२-३२ मिमी बाहेर येते. मोल्डिंगसकट रुंदी १२८४ मिमी. माझे सासरे पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर होते. त्यांनी आपल्या फिटरच्याच टेपने तीनदा माप घेतले आणि आकडा तिन्ही वेळा तोच आला. टेप लावलेले फोटो सोबत आहेत.

फिटरचे म्हणणे, “मॅडम, माप बॉडीचंच देतात, सगळीकडे असंच असतं.” असेल. पण मग ‘एकूण’ हा शब्द कशासाठी लिहिला? त्यांनी दोन तोडगेही सुचवले. एक, मोल्डिंगची टोके करवतीने उडवायची. मोल्डिंग एमडीएफचे आहे. कापलेली कड उघडी राहणार, तीही बाथरूमच्या भिंतीला चिकटून आणि ऐन पावसाळ्यात. फुगली की आपणच म्हणाल, ग्राहकाने माल कापला, वॉरंटी संपली. दुसरा तोडगा, बाजूचे प्लास्टर दोन इंच तासायचा. एका बाजूला कॉलम आहे आणि दुसरीकडे भिंतीत नळाचे पाइप आहेत. यावर सासरे काय म्हणाले ते पत्रात लिहिण्यासारखे नाही.

सध्या कपाट खोलीच्या मधोमध उभे आहे. त्याचे उजवे दार पलंगाला अडते, जेमतेम वीतभर उघडते, आणि जुन्या कपाटातले कपडे चादरीत बांधून हॉलमध्ये पडले आहेत. मुलाचा अभ्यासाचा टेबल बाल्कनीत गेला आहे.

शनिवारी संध्याकाळी दुकानात फोन केला, तेव्हा ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या बिलावरच्या ओळीकडे बोट दाखवण्यात आले. ती ओळ मी वाचली आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विक्रेत्याने जे सांगून माल विकला त्यात उणीव निघाली तर तो दोष ठरतो. आणि सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मला रंग आवडला नाही किंवा मन बदलले म्हणून मी माल परत करत नाहीये.

तरी आपल्या खर्चाने कपाट उतरवून न्यावे आणि पोच-जोडणीसह ३९,७०० रुपये माझ्या खात्यावर परत करावेत. मोल्डिंगसकट १२३० मिमीच्या आत बसणारे, याच प्रतीचे कपाट आपल्याकडे असेल तर बदलून घ्यायलाही माझी तयारी आहे; मात्र या वेळी माप मी स्वतः दुकानात येऊन घेईन. कपाटाला आम्ही एकही खिळा मारलेला नाही, दारांवरचे प्लास्टिकसुद्धा काढलेले नाही. पॅकिंगची खोकी जिन्याखाली ठेवली आहेत. सोसायटीचे सेक्रेटरी रोज त्यांच्याकडे बघून जातात, त्यामुळे फार दिवस ठेवता येणार नाहीत.

न्यायला येताना एक दिवस आधी कळवावे. लिफ्टमध्ये सामान दुपारी १२ ते ४ या वेळेतच चढवता-उतरवता येते.

२३ जूनपर्यंत लेखी उत्तर आले नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपल्याकडून याआधी घेतलेले डायनिंग टेबल सहा वर्षे उत्तम चालले आहे, म्हणून तिथवर जायची वेळ येऊ नये असे मनापासून वाटते.

कळावे,

आपली ग्राहक,
सौ. देशमुख

सोबत : बिलाची प्रत, संकेतस्थळावरील मापाच्या पानाची छापील प्रत, टेप लावलेले पाच फोटो