बौद्धिक संपदेच्या स्लाइड्सचे स्पष्टीकरण: एका औषधपेटीची वाटणी

पहिल्या स्लाइडवर कॉपीराइट, पेटंट आणि ट्रेडमार्क असे तीन रकाने आहेत आणि प्रत्येकाखाली संरक्षणाचा विषय, मुदत व नोंदणी यांची माहिती आहे. तक्ता बरोबर आहे. परंतु तो पाठ केलेल्या विद्यार्थ्यासमोर एखादी वस्तू ठेवली, की तो बहुधा विचारतो, ‘हिला यांपैकी कोणते संरक्षण मिळेल?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण कायदा संपूर्ण वस्तूला एक संरक्षण देत नाही. वस्तूत जे अनेक प्रकारचे काम एकत्र आलेले असते, त्यातील प्रत्येकाकडे तो वेगळ्या नजरेने पाहतो. म्हणून पुढील स्लाइड्स आपण एका नव्या वस्तूच्या आधारे वाचणार आहोत, आणि तिच्या प्रत्येक भागाबाबत एकच प्रश्न विचारणार आहोत: उद्या प्रतिस्पर्ध्याने याची नक्कल केली, तर त्याने नेमके काय उचललेले असेल?

ही वस्तू म्हणजे ‘किणकी’ नावाची, आपण या पाठासाठी कल्पिलेली औषधपेटी. तिच्यात आठवड्याच्या गोळ्यांसाठी २८ कप्पे आहेत. ठरलेल्या वेळी त्या वेळेचाच कप्पा उघडतो, बाकीचे कुलूपबंद राहतात. कप्प्याखालचा वजनमापक गोळी उचलली गेली की नाही हे ओळखतो आणि ती उचललेली नसेल तर पेटी तीन सुरांचा नाद करते. सोबत मोबाइल ॲप, सचित्र माहितीपुस्तिका, एक बोधचिन्ह आणि लंबगोल, मऊ कडांचा आकार आहे. वाटणी करायची ती याच गोष्टींची.

पेटंटची स्लाइड आधी घेऊ, कारण उशिराची किंमत तिथे सर्वांत मोठी असते. स्लाइडवर तीन कसोट्या आहेत: शोध नवा हवा, त्या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगा नको, आणि उद्योगात वापरता येण्याजोगा हवा. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेवरील ट्रिप्स करारात याच कसोट्या आहेत, आणि संरक्षणाची मुदत अर्ज दाखल झाल्यापासून किमान २० वर्षे ठेवली आहे. आता ‘वेळेवर औषध घेण्याची आठवण करून देणारी पेटी’ ही कल्पना या कसोट्यांवर टिकत नाही. अशा पेट्या आधीपासून आहेत. टिकू शकते ती विशिष्ट रचना: एकाच लहान मोटरने २८ झाकणांपैकी हवे तेच मोकळे करणारी फिरती कडी, आणि वजनातील बदलाची नोंद होईपर्यंत पुढचा कप्पा न उघडणारी जोडणी. अर्जातील दावे याच रचनेभोवती बेतावे लागतात. दावा फार रुंद केला तर जुनी एखादी पेटी त्यात सापडून तो नाकारला जातो आणि फार अरुंद केला तर प्रतिस्पर्धी कडीऐवजी तरफ बसवून मोकळा होतो. ही मांडणी फार कौशल्याची आहे आणि पेटंटचे खरे मोल तिच्यावरच ठरते, असे माझे ठाम मत आहे.

याच स्लाइडवरील ‘नवा’ हा शब्द अधोरेखित करावा. १८७३ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात अनेक परदेशी संशोधकांनी आपले शोध मांडण्यास नकार दिला, कारण ते पाहून कोणीही उचलेल अशी त्यांना भीती होती. या अनुभवातून पुढे १८८३ चा पॅरिस करार झाला. त्यानुसार एका सदस्य देशात पहिला अर्ज केल्यावर इतर सदस्य देशांत पेटंटसाठी १२ महिन्यांच्या आत केलेला अर्ज त्या पहिल्या तारखेचा मानला जातो. ही अग्रक्रमाची सवलत अर्जापासून सुरू होते, प्रदर्शनापासून नव्हे. समजा, किणकीचे पहिले जाहीर प्रात्यक्षिक १० मार्चला आहे. तर पेटंटचा अर्ज ९ मार्चपर्यंत दाखल झालेला असला पाहिजे. काही देश स्वतः केलेल्या प्रकटीकरणाला थोडी सूट देतात, काही जवळजवळ देतच नाहीत. ज्याला अनेक देशांत विक्री करायची आहे, त्याने सर्वांत कडक नियम गृहीत धरून चालावे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करावा. पेटंट म्हणजे वस्तू बनवण्याचा परवाना नव्हे; ते इतरांना रोखण्याचा अधिकार देते. वजनमापकाच्या एखाद्या भागावर दुसऱ्या कोणाचे पेटंट चालू असेल, तर आपली कडी पेटंटप्राप्त असूनही किणकी बाजारात आणण्यासाठी त्याची परवानगी घ्यावी लागेल.

कॉपीराइटच्या स्लाइडवर ‘निर्मितीबरोबर आपोआप’ असे शब्द आहेत. १८८६ च्या बर्न करारानुसार कॉपीराइटसाठी नोंदणीची अट घालता येत नाही आणि सर्वसाधारणपणे तो लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर किमान ५० वर्षे टिकतो. अनेक देशांत ही मुदत ७० वर्षे आहे. किणकीच्या बाबतीत पुस्तिकेतील मजकूर, त्यातील चित्रे, ॲपमधील पडद्यांची चित्ररचना आणि ॲपची आज्ञावली या रकान्यात येतात. संगणकीय आज्ञावलीला साहित्यकृतीसारखे संरक्षण द्यावे, हे ट्रिप्स करारात स्पष्टपणे नमूद आहे.

मात्र कॉपीराइट अभिव्यक्तीचे रक्षण करतो, त्यामागील कल्पनेचे किंवा पद्धतीचे नाही. यासाठी स्लाइडवर १८७९ चा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा बेकर विरुद्ध सेल्डन हा निकाल दिला आहे. सेल्डन यांच्या पुस्तकात हिशेब ठेवण्याची एक नवी पद्धत आणि तिच्यासाठी आखलेले तक्ते होते. न्यायालयाने म्हटले की पुस्तकावर कॉपीराइट असला तरी त्या पद्धतीवर त्यांचा एकाधिकार होत नाही. हा निकाल किणकीच्या पुस्तिकेला जसाच्या तसा लागू पडतो. तिच्यात आठवड्याचे रकाने आणि दिवसातील चार वेळांच्या ओळी असलेला तक्ता आहे. प्रतिस्पर्ध्याने पुस्तिकेतील परिच्छेद आणि चित्रे उचलली तर उल्लंघन झाले. पण त्याने त्याच पद्धतीचा साधा तक्ता स्वतः आखला, तर कॉपीराइट त्याला अडवू शकत नाही. ॲपचेही तसेच आहे. चुकलेल्या गोळीची सूचना नातेवाइकाच्या फोनवर पाठवणे हे कार्य कोणीही स्वतःची आज्ञावली लिहून साधू शकतो. त्या कार्यामागील तांत्रिक पद्धतीला पेटंट मिळेल का, याची उत्तरे देशोदेशी वेगळी आहेत; युरोपीय पेटंट करार संगणकीय आज्ञावलीला केवळ आज्ञावली म्हणून पेटंटच्या कक्षेबाहेर ठेवतो.

कॉपीराइट आपोआप निर्माण होतो, पण तो आपोआप कंपनीचा होतो असे नाही. किणकीचे बोधचिन्ह बाहेरच्या चित्रकाराने काढले असेल, तर बऱ्याच देशांत लेखी हस्तांतरण होईपर्यंत हक्क त्या चित्रकाराकडेच राहतो. मानधन दिल्याच्या पावतीने हे हस्तांतरण होत नाही; काम सुरू होण्याआधीच करारात ते लिहून घ्यावे.

ट्रेडमार्कच्या स्लाइडवरचा प्रश्न वेगळा आहे: ही वस्तू कोणाकडून आली आहे, हे ग्राहकाला कशावरून कळते? इथे श्रमाला किंवा कल्पकतेला महत्त्व नसते. चिन्हाची वेगळी ओळख पटते का, एवढेच पाहिले जाते. पेटीचे नाव ‘वेळेवर औषध’ ठेवले असते, तर ते वस्तूचे केवळ वर्णन झाले असते आणि अशा शब्दांवर एकाला ताबा देण्यास नोंदणी कार्यालये सहसा तयार नसतात, कारण ते इतर विक्रेत्यांनाही लागतात. ‘किणकी’ हा शब्द नादाकडे नुसता निर्देश करतो, वस्तू काय आहे ते सांगत नाही. म्हणून तो अधिक बळकट आहे. तोही जपावा लागतो. ‘एस्कलेटर’ हे एके काळी ट्रेडमार्क होते. सरकत्या जिन्याला सगळेच एस्कलेटर म्हणू लागले आणि १९५० मध्ये अमेरिकेत ते संरक्षण गेले. म्हणून पुस्तिकेत सर्वत्र ‘किणकी औषधपेटी’ असे लिहावे. कोणत्याही औषधपेटीला ‘किणकी’ म्हणण्याची सवय आपणच लावू नये. नूतनीकरण होत राहिले आणि वापर चालू राहिला, तर ट्रेडमार्कला शेवटची तारीख नाही. तीन रकान्यांतील हा एकमेव अधिकार असा आहे.

बोधचिन्ह दोन रकान्यांत बसते: चित्र म्हणून कॉपीराइटमध्ये आणि ओळख म्हणून ट्रेडमार्कमध्ये. तीन सुरांचा नाद कॉपीराइटसाठी फारच तोकडा ठरण्याची शक्यता आहे. पण ध्वनीची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी अनेक देशांत होते, आणि ग्राहक त्या नादावरून किणकी ओळखू लागले तर त्याची खरी जागा तिथे आहे.

आकाराजवळ आल्यावर तीन रकान्यांचा तक्ता अपुरा पडतो. दिसण्यासाठी निवडलेला लंबगोल आकार औद्योगिक डिझाइन म्हणून नोंदवावा लागतो. ट्रिप्सनुसार त्याला किमान १० वर्षांचे संरक्षण मिळते, आणि पॅरिस करारातील अग्रक्रमाची मुदत इथे सहाच महिने आहे. पुढे तोच आकार ओळख बनला, तर ट्रेडमार्कही होऊ शकतो: कोका-कोलाच्या वळणदार बाटलीला अमेरिकेत १९१५ मध्ये डिझाइन पेटंट मिळाले आणि १९६० मध्ये तिची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी झाली. उलट, लेगोच्या विटेचा आकार युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये ट्रेडमार्क म्हणून नाकारला, कारण त्याची मुख्य वैशिष्ट्ये तांत्रिक कामासाठीच होती. मला हा निकाल योग्य वाटतो; पेटंटची २० वर्षे संपल्यावर तेच यंत्रकौशल्य ट्रेडमार्कच्या मागच्या दाराने कायमचे बांधून ठेवले, तर समाजाला मिळायचे ते ज्ञान मिळणारच नाही. म्हणून किणकीच्या झाकणावरील ज्या खाचा बोट अडकवण्यासाठी आहेत, त्या ट्रेडमार्कच्या अर्जातून वगळाव्यात.

वजनमापक अचूक करण्यासाठी कारखान्यात जी तापमानाची दुरुस्ती केली जाते, ती पेटी उघडून पाहणाऱ्याला दिसत नाही. पेटंट घेतले तर ती जगासमोर मांडावी लागेल. ती व्यापारी गुपित म्हणून ठेवावी आणि ज्यांना कामासाठी ती माहीत असणे आवश्यक आहे, त्यांच्याकडून गोपनीयतेचा करार करून घ्यावा. पण दुसऱ्याने ती स्वतंत्रपणे शोधून काढली, तर त्याला रोखता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

शेवटची स्लाइड कामाच्या क्रमाची आहे. प्रात्यक्षिकापूर्वी पेटंट आणि डिझाइन यांचे अर्ज दाखल करावेत. नाव जाहीर करण्याआधी आधीच्या ट्रेडमार्कचा शोध घेऊन अर्ज द्यावा. चित्रकार आणि आज्ञावली लिहिणारे यांच्याशी झालेले लेखी करार एकत्र ठेवावेत. ट्रेडमार्कचा अर्ज प्रलंबित असताना वर्तुळातील आर हे चिन्ह नावाशेजारी छापू नये. नोंदणी नसताना ते वापरणे अनेक देशांत गुन्हा आहे. तोपर्यंत टीएम ही अक्षरे वापरता येतात, आणि खोक्याची छपाई नोंदणीच्या आधी होणार असल्याने पहिल्या खेपेच्या खोक्यांवर तीच छापावीत.