अनुप्रास, अतिशयोक्ती आणि विरोधाभास : बहुपर्यायी सराव प्रश्नपत्रिका

इयत्ता दहावी, विषय मराठी (अलंकार). वेळ 40 मिनिटे, एकूण गुण 18.

विद्यार्थ्यांसाठी सूचना

या प्रश्नपत्रिकेत तुम्हांला एकाही अलंकाराची व्याख्या लिहायची नाही. तिन्ही व्याख्या खाली दिल्या आहेत आणि सोडवताना त्या कितीही वेळा वाचता येतील. शब्दांच्या मांडणीत एक किंवा अधिक अक्षरे पुन्हा पुन्हा येऊन नादाचे सौंदर्य निर्माण होते, तेथे अनुप्रास असतो. एखादी गोष्ट आहे त्यापेक्षा कितीतरी फुगवून सांगितली जाते आणि ती फुगवून सांगितली आहे हे ऐकणाऱ्यालाही कळत असते, तेथे अतिशयोक्ती असते. एकमेकांना छेद देणारे दोन शब्द एकाच गोष्टीला जोडले जातात आणि वरवर विसंगत वाटणारी ती जोड विचार केल्यावर अर्थपूर्ण ठरते, तेथे विरोधाभास असतो.

प्रत्येक प्रश्नाला 2 गुण आहेत. योग्य पर्यायाला 1 गुण मिळेल आणि तोच पर्याय का निवडला, हे स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात लिहिल्यास दुसरा गुण मिळेल. पुस्तकातली किंवा मार्गदर्शकातली ओळखीची ओळ येथे सापडणार नाही, त्यामुळे प्रत्येक वाक्य एकदा मनातल्या मनात मोठ्याने म्हणून पाहावे.

प्रश्न 1. मूळ ओळ अशी आहे : ‘सरसर आलेल्या सरींनी सारे शिवार सुखावले.’ एका विद्यार्थ्याने ती बदलून अशी लिहिली : ‘झपाट्याने आलेल्या पावसाने अख्खे रान आनंदले.’ या बदलामुळे नेमके काय झाले?
(अ) ओळीचा अर्थ उलटा झाला.
(आ) अर्थ जवळपास तोच राहिला, पण ‘स’च्या आवृत्तीतून ऐकू येणारा पावसाचा नाद गेला.
(इ) मूळ ओळीतली अतिशयोक्ती कमी झाली.
(ई) मूळ ओळीतले यमक नाहीसे झाले.

प्रश्न 2. ‘ओहळाच्या गळ्यातली नितळ खळखळ सकाळी ऐकू आली.’ ही ओळ वाचून एक विद्यार्थिनी म्हणते, “यातल्या कोणत्याही दोन शब्दांची सुरुवात सारख्या अक्षराने होत नाही, म्हणून येथे अनुप्रास नाही.” तिच्या म्हणण्याबद्दल कोणते विधान योग्य आहे?
(अ) तिचे बरोबर आहे, कारण अनुप्रासात शब्दांचे पहिले अक्षर सारखेच असावे लागते.
(आ) तिचे बरोबर आहे, कारण ओळीच्या शेवटी यमक साधलेले नाही.
(इ) तिचे चुकले आहे, कारण ‘ळ’ शब्दांच्या पोटात पुन्हा पुन्हा येतो आणि त्यातून वाहत्या पाण्याचा नाद उमटतो.
(ई) तिचे चुकले आहे, कारण ‘खळखळ’ हा एकच शब्द अनुप्रासासाठी पुरेसा आहे, बाकीच्या शब्दांचा त्याच्याशी संबंध नाही.

प्रश्न 3. अतिवृष्टीनंतर एक शेतकरी आपल्या बहिणीला फोनवर सांगतो, “ताई, वावराचा समुद्र झालाय गं, कपाशी शोधायला होडी लागेल.” दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्यात लिहितात, ‘बाधित क्षेत्र 40 आर, उभ्या पिकात गुडघाभर पाणी.’ कोणते विधान योग्य आहे?
(अ) शेतकरी बहिणीशी खोटे बोलला, आणि खोटे बोलणे म्हणजेच अतिशयोक्ती.
(आ) शेतकऱ्याच्या बोलण्यात आकडा नाही, म्हणून ती अतिशयोक्ती ठरत नाही.
(इ) ‘गुडघाभर’ हे नेमके माप नसल्यामुळे पंचनाम्यातही अतिशयोक्तीच आहे.
(ई) समुद्र आणि होडी खरी नाही हे दोघांनाही ठाऊक आहे आणि त्यातून नुकसानीची तीव्रता पोहोचते, म्हणून शेतकऱ्याच्या बोलण्यात अतिशयोक्ती आहे.

प्रश्न 4. खालीलपैकी कोणत्या वाक्यात अतिशयोक्ती नाही?
(अ) प्रकाश एका सेकंदात सुमारे 3 लाख किलोमीटर अंतर कापतो.
(आ) दादाच्या घोरण्याने शेजारच्या गावातली माणसे जागी होतात.
(इ) या दप्तराच्या ओझ्याने माझ्या पाठीचा चुरा झाला.
(ई) तिच्या एका हाकेने डोंगर दचकला.

प्रश्न 5. ‘मुलीचा निकाल ऐकून आईला आभाळ ठेंगणे झाले.’ अतिशयोक्ती काढून हाच आशय सांगणारे वाक्य कोणते?
(अ) मुलीचा निकाल ऐकून आईला आभाळ जवळ दिसू लागले.
(आ) मुलीचा निकाल ऐकून आईच्या आनंदात सारा गाव न्हाऊन निघाला.
(इ) मुलीचा निकाल ऐकून आईला अतिशय आनंद झाला.
(ई) मुलीचा निकाल ऐकून आईला आपली उंची वाढल्यासारखी वाटली.

प्रश्न 6. ‘बाबांनी गुणपत्रिका पाहिली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या बोलक्या मौनाने मला सगळे सांगितले.’ ‘बोलके मौन’ या शब्दांतला विरोध येथे कसा मिटतो?
(अ) बाबा प्रत्यक्षात हळू आवाजात बोलले होते, असे मानल्यावर मिटतो.
(आ) ‘बोलके’ आणि ‘मौन’ हे समानार्थी शब्द आहेत, असे मानल्यावर मिटतो.
(इ) तो मिटत नाही, लेखकाची शब्दयोजना चुकली आहे.
(ई) शब्द न उच्चारताही बाबांच्या कृतीतून आणि नजरेतून त्यांच्या मनातले मुलाला कळले, हे लक्षात आल्यावर मिटतो.

प्रश्न 7. कोणत्या वाक्यात विरोधाभास आहे?
(अ) संसारात सुखदुःख वाट्याला येतेच.
(आ) पुस्तकांनी भरलेल्या त्या एका खोलीत आम्ही श्रीमंत दारिद्र्यात वाढलो.
(इ) घाटातल्या रस्त्यावर सारखे चढउतार लागतात.
(ई) काळ्या फिती लावून निघालेला मूक मोर्चा चौकात थांबला.

प्रश्न 8. चारही वाक्यांत काहीतरी विसंगत वाटते, पण एका वाक्यातली विसंगती अलंकार नसून निव्वळ चूक आहे. ते वाक्य कोणते?
(अ) लोकलच्या गर्दीतला एकांत तिला हवाहवासा वाटे.
(आ) मुलगा बेपत्ता झाल्यापासून ती माउली जिवंत मरण भोगत आहे.
(इ) सभा सकाळी 10 वाजता सुरू झाली आणि त्याच दिवशी सकाळी 9 वाजता संपली.
(ई) लेकीला निरोप देताना त्यांच्या मनात एक गोड वेदना होती.

प्रश्न 9. ‘गावभर गाजलेल्या गुपिताचा गवगवा गगनाला भिडला.’ या ओळीत ‘गुपिताचा’ या शब्दाऐवजी ‘गोष्टीचा’ हा शब्द ठेवला, तर काय होईल?
(अ) अनुप्रास आणि अतिशयोक्ती टिकतील, विरोधाभास जाईल.
(आ) विरोधाभास आणि अतिशयोक्ती टिकतील, अनुप्रास जाईल.
(इ) तिन्ही अलंकार टिकतील, कारण एकच शब्द बदलला आहे.
(ई) फक्त अनुप्रास टिकेल.

शिक्षकांसाठी उत्तरे आणि विवेचन

दमडीच्या तेलाचे ते लोकगीत दिसले की मुले डोळे मिटून ‘अतिशयोक्ती’ असे लिहितात. तेच काम करणारे नवे वाक्य समोर आले, की त्यांतलीच कितीतरी मुले अडखळतात. म्हणून येथे सर्व वाक्ये नव्याने रचली आहेत आणि व्याख्या मुद्दाम वर दिल्या आहेत, जेणेकरून पाठांतरात कमी पडणाऱ्या पण कान आणि विचार शाबूत असलेल्या मुलालाही पूर्ण गुण मिळवता यावेत.

प्रश्न 1 : (आ). अनुप्रास हा शब्दालंकार आहे, म्हणजे त्याचे सौंदर्य त्या विशिष्ट शब्दांना चिकटलेले असते. समानार्थी शब्द ठेवताच ते निघून जाते, आणि हा अनुभव मुलांना हातांनी घेता यावा यासाठी दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या आहेत. ‘शिवार’मधला ‘श’ हा ‘स’ नाही, तरी उच्चाराने जवळचा असल्यामुळे तो नादात मिसळून जातो. कोणी हे कारणात लिहिले, तर वर्गात ते आवर्जून वाचून दाखवावे.

प्रश्न 2 : (इ). इंग्रजीच्या तासाला ‘अ‍ॅलिटरेशन’ शिकताना मुलांचे लक्ष शब्दाच्या आरंभीच्या ध्वनीकडे वेधलेले असते आणि तोच नियम ती मराठीला लावतात. मराठी शब्द ‘ळ’ने सुरू होत नाहीत, म्हणून हे अक्षर येथे निवडले आहे. पहिल्या अक्षराचा नियम खरा मानला, तर ‘ळ’चा अनुप्रास मराठीत कधी होऊच शकणार नाही. हा विचार मुलांना स्वतःहून सुचला, तर त्यासारखे दुसरे शिकणे नाही. (ई) हा पर्याय निवडणाऱ्यांना ‘खळखळ’ झाकून उरलेली ओळ म्हणायला सांगावे, म्हणजे ‘ओहळ’, ‘गळा’, ‘नितळ’ आणि ‘सकाळ’ यांतला नाद त्यांना ऐकू येईल.

प्रश्न 3 : (ई). मला हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खोटे बोलणारा माणूस समोरच्याने विश्वास ठेवावा अशी अपेक्षा धरतो. अतिशयोक्ती करणारा मात्र समोरच्याने शब्दशः विश्वास ठेवू नये, पण त्यामागची भावना ओळखावी, अशी अपेक्षा धरतो. बहीण होडी घेऊन निघणार नाही, पण भावाचे नुकसान मोठे आहे हे तिला एका वाक्यात कळते. तेच वाक्य पंचनाम्यात आले असते, तर ते अलंकार न ठरता चुकीची नोंद ठरले असते, कारण तेथे वाचणारा प्रत्येक शब्द माप म्हणून वाचतो. (इ) निवडणाऱ्यांनी ‘गुडघाभर’ हे ढोबळ माप आणि फुगवलेले माप यांत गल्लत केलेली असते, तेव्हा हा फरक फळ्यावर आणखी एक-दोन उदाहरणांनी स्पष्ट करावा. ‘वावराचा समुद्र’ यात रूपकाचीही छटा आहे, असे कारणात कोणी लिहिल्यास गुण कापू नयेत.

प्रश्न 4 : (अ). आकडा प्रचंड असला तरी तो खरा आहे.

प्रश्न 5 : (इ). (आ) मध्ये एक अतिशयोक्ती काढून दुसरी घातली आहे, तर (अ) आणि (ई) मध्ये वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ घेतला आहे. वाक्प्रचार वापरून इतका गुळगुळीत झालेला असतो की त्यातली अतिशयोक्ती मुलांना दिसत नाही, हे येथे तपासले आहे.

प्रश्न 6 : (ई). विरोधाभासातला ‘आभास’ हा भाग मुलांना कळला की नाही, हे यातून समजते. विरोध दिसतो, पण तो खरा नसतो.

प्रश्न 7 : (आ). ‘सुखदुःख’ आणि ‘चढउतार’ यांत विरुद्धार्थी शब्द शेजारी आहेत, पण ते दोन वेगळ्या गोष्टींची नावे आहेत. ‘श्रीमंत दारिद्र्य’ मध्ये एकाच घराला दोन्ही शब्द एकाच वेळी लागू होतात. खिसा रिकामा होता आणि कपाट पुस्तकांनी भरलेले होते. इंग्रजीत ज्याला ‘ऑक्सिमोरॉन’ म्हणतात तो हाच. आपला विरोधाभास अलंकार त्याहून विस्तृत असून तो संपूर्ण विधानातूनही साधतो, पण या प्रश्नपत्रिकेपुरता तो दोन शब्दांच्या जोडीपर्यंतच ठेवला आहे. ‘मूक मोर्चा’ मध्ये ‘मूक’ हे साधे विशेषण आहे, कारण मोर्चाच्या अर्थात आवाज अनिवार्य नाही. मात्र मोर्चा म्हणजे घोषणा असे गृहीत धरून कोणी (ई) निवडला असेल आणि तो विचार नीट मांडला असेल, तर कारणाचा 1 गुण द्यावा. अशा विद्यार्थ्याला अलंकार समजलेला आहे, त्याचे शब्दाच्या अर्थाबद्दल मत वेगळे आहे इतकेच.

प्रश्न 8 : (इ). बाकीच्या तीन वाक्यांवर थोडे थांबून विचार केला की नवा अर्थ हाती येतो. सभेच्या वाक्यावर कितीही विचार केला तरी घड्याळ चुकले आहे, एवढेच कळते.

प्रश्न 9 : (अ). ‘गोष्टीचा’ हा शब्दही ‘ग’नेच सुरू होत असल्यामुळे नाद कायम राहतो आणि गवगवाही गगनालाच भिडलेला असतो. पण गाजलेली गोष्ट यात काहीच विसंगत नाही, गाजलेले गुपित मात्र गुपित उरलेलेच नसते. वेळ उरल्यास याच ओळीत ‘गगनाला भिडला’ऐवजी ‘दूरवर पोहोचला’ असे ठेवून कोणता अलंकार गेला ते तोंडी विचारावे, आणि त्यानंतर प्रत्येकाला एक शब्द स्वतः बदलून शेजाऱ्याला प्रश्न विचारायला सांगावे.