चवथीच्या सेवेसाठी पाळ्यांची नोंदणी: रविवार, ३० ऑगस्टपर्यंत नावे कळवावीत

*॥ श्री गणेशाय नमः ॥*

वसाहतीतील सर्व कुटुंबांना सस्नेह नमस्कार.

यंदा श्रीगणेश चतुर्थी सोमवार, १४ सप्टेंबर २०२६ रोजी आहे. आपल्या सार्वजनिक गणपतीची स्थापना त्या दिवशी सकाळी होईल आणि सात दिवसांच्या पूजनानंतर रविवार, २० सप्टेंबर रोजी सायंकाळी विसर्जन होईल. या सात दिवसांत मंडपात कोण, केव्हा आणि कोणत्या कामासाठी हजर असेल, हे आताच ठरवायचे आहे. त्यासाठी प्रत्येक घराने खाली दिलेल्या पाळ्यांमधून आपल्या सोयीच्या किमान दोन पाळ्या निवडून कळवाव्यात, ही समितीची आग्रहाची विनंती आहे.

रोजच्या पाळ्या अशा आहेत. कंसातील आकडा त्या पाळीस लागणाऱ्या माणसांचा आहे.

*पाळी १* – सकाळी ६ ते ९ (३): झाडलोट, फुले-दुर्वांची तयारी, पूजेस मदत
*पाळी २* – सकाळी ९ ते दुपारी १ (२): दर्शनास येणाऱ्यांची व्यवस्था, दुपारची आरती
*पाळी ३* – दुपारी १ ते ५ (२): मंडपाची राखण
*पाळी ४* – सायंकाळी ५ ते ७.३० (४): रांग, चपला, वाहनांची व्यवस्था
*पाळी ५* – सायंकाळी ७.३० ते रात्री १० (६): आरती, प्रसादवाटप, आवराआवर
*पाळी ६* – रात्री १० ते २ (३): रात्रीची राखण
*पाळी ७* – रात्री २ ते सकाळी ६ (३): रात्रीची राखण

नाव कळवताना आधी तारीख आणि मग पाळीचा क्रमांक लिहावा. उदाहरणार्थ, गुरुवारी १७ तारखेला सायंकाळची चौथी पाळी हवी असल्यास घर क्रमांक, आपले नाव आणि त्यापुढे ‘१७-४’ एवढे लिहिले की पुरे. सातवी पाळी घड्याळाप्रमाणे दुसऱ्या दिवशी येत असली तरी ती आदल्या दिवसाच्या तारखेत धरली आहे. म्हणजे ‘१६-७’ निवडणाऱ्याने बुधवारी १६ तारखेला रात्री जेवून झोपावे आणि उत्तररात्री दोन वाजता मंडपात यावे. याबाबत दरवर्षी घोटाळा होतो, म्हणून हे मुद्दाम स्पष्ट केले आहे.

ही नोंद कृपया गटावर न टाकता माझ्या याच क्रमांकावर स्वतंत्र संदेशाने पाठवावी. गटावर यादी फिरू लागली की एकाच वेळी दोघे जण ती उतरवून घेतात, आपापले नाव जोडून पुन्हा पाठवतात आणि दोघांपैकी एकाचे नाव कुठल्याच यादीत शिल्लक राहत नाही. म्हणून यादी एकाच ठिकाणी ठेवली जाईल. रोज रात्री नऊ वाजता तिची ताजी प्रत मी गटावर टाकीन, त्यावरून कोणत्या पाळ्या भरल्या आणि कोणत्या मोकळ्या आहेत हे सर्वांना दिसेल. ज्यांच्या घरी व्हॉट्सअ‍ॅपचा वापर होत नाही, त्यांच्यासाठी तीच यादी सभागृहाच्या फलकावरही लावली जाईल. शेजारच्या आजी-आजोबांना ती वाचून दाखवून त्यांची निवड कळवण्याचे काम कृपया लगतच्या घराने करावे.

आता थोडे हिशेबाचे. रोज तेवीस माणसे लागतात. विसर्जनानंतरची शेवटची रात्र वगळता सात दिवसांत एकूण १५५ जागा भरायच्या आहेत. आपली घरे ६४ आहेत. प्रत्येक घराने दोन पाळ्या घेतल्या तर १२८ जागा भरतात आणि २७ उरतात. त्या उरलेल्या जागांसाठी महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी आणि ज्या घरांत माणसे अधिक आहेत त्यांनी तिसरी पाळी घ्यावी, अशी अपेक्षा आहे.

परंतु खरी अडचण संख्येची नाही, ती दिवसांची आहे. चवथीला गोव्यातला माणूस आपल्या मूळ घरी जातो. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक कुटुंबे रविवारीच सत्तरी, डिचोली, पेडणे, काणकोण येथील आपापल्या घरांकडे निघतात, आणि ते तसेच व्हायला हवे. घरच्या गणपतीपुढे भावाबहिणींनी एकत्र बसणे सोडून कोणी येथे मंडपात पाळी करावी, अशी समितीची मुळीच इच्छा नाही. मात्र त्यामुळे सोमवार आणि मंगळवार हे दोन दिवस वसाहत जवळजवळ रिकामी असते. पाच दिवसांचे गणपती शुक्रवारी १८ तारखेला विसर्जित होत असल्याने त्या सायंकाळीही तीच स्थिती येते. याउलट बुधवार, गुरुवार आणि शनिवारच्या पाचव्या पाळीसाठी गरजेपेक्षा दुप्पट नावे येतात. म्हणून ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती आहे त्यांनी मंगळवारी रात्रीपासूनच्या पाळ्या घ्याव्यात. ज्यांच्याकडे पाच दिवसांचा आहे त्यांनी शनिवार-रविवार पाहावा. ज्यांच्या घरी गणपती पुजला जात नाही किंवा जे यंदा येथेच असतील, त्यांनी कृपया सर्वप्रथम १४, १५ आणि १८ या तारखांचा विचार करावा.

या बाबतीत एक गोष्ट कृतज्ञतेने नमूद करावीशी वाटते. आपल्या वसाहतीतील ख्रिस्ती शेजाऱ्यांनी नेहमीप्रमाणे यंदाही सोमवारी व मंगळवारी चौथी, सहावी व सातवी पाळी सांभाळण्याची तयारी आपणहून दाखवली आहे. त्यामुळे त्या दोन दिवसांची ही मोठी चिंता मिटली आहे. त्या दिवशीच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या पाळीला मात्र माणसे हवीतच.

पाळी निवडताना तिचे काम नेमके काय आहे, हेही ध्यानात घ्यावे. दुपारची तिसरी पाळी आणि रात्रीच्या दोन पाळ्या ‘नुसते बसायचे काम’ समजल्या जातात, पण मूर्तीच्या दृष्टीने त्याच सर्वांत जोखमीच्या आहेत. आपली मूर्ती चिकणमातीची आहे आणि सप्टेंबरात पाऊस सरलेला नसतो. मंडपावरील ताडपत्रीच्या खोलगट भागात पाणी साचत जाते, कापड खाली झुकते आणि एक-दोन तासांत तेथून थेंब गळू लागतात. राखणीला असलेल्याने दर अर्ध्या तासाने चहूबाजूंनी फिरून वर पाहावे आणि जेथे ताडपत्री पोटासारखी फुगलेली दिसेल तेथे आतून बांबूने ती हलकेच उचलून पाणी बाहेरच्या बाजूला सोडावे. हा बांबू मंडपाच्या डाव्या खांबाला टेकवून ठेवलेला असेल, तो तेथून हलवू नये. समई अखंड तेवत ठेवायची असल्याने तेल घालणे, काजळी काढणे आणि ज्योतीजवळ कापडी सजावट येत नाही ना हे पाहणे, ही कामे याच पाळ्यांची आहेत. विजेचे बोर्ड जमिनीवर ठेवायचे नाहीत आणि ओल्या हाताने त्यांना स्पर्श करायचा नाही. काही विपरीत घडल्यास अग्निशमन दलासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक मंडपात मोठ्या अक्षरांत लावलेले असतील.

माटोळीची राखणही यातच येते. नारळ, सुपारीचे कातरे, केळीचे घड, तोरिंगे, चिबूड, आंबाडे, कवंडळे असा सगळा भार केवणीच्या दोरांनी देवाच्या डोक्यावर टांगलेला असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी चिबूड पिकून देठाशी सुटू लागतो आणि केळी घडातून गळतात. अशी फळे दिसताच ती खाली उतरवून प्रसादाच्या टोपलीत ठेवावीत, ती मूर्तीवर पडेपर्यंत थांबू नये. माटोळीचे सामान आणण्यासाठी शनिवारी, १२ सप्टेंबर रोजी सकाळी सात वाजता फोंड्याच्या माटोळी बाजारात जायचे आहे आणि रविवारी दुपारी तीन वाजल्यापासून ती बांधायची आहे. या दोन कामांसाठी अनुक्रमे पाच आणि आठ जण हवेत. ज्यांना रानातल्या फळांची पारख आहे आणि दोर बांधण्याची हातोटी आहे, अशा ज्येष्ठांनी उभे राहून केवळ मार्गदर्शन केले तरी मुलांना ते शिकता येईल. नोंदीत ‘बाजार’ किंवा ‘माटोळी’ असे लिहावे.

पाचव्या पाळीतील सहांपैकी दोघांनी सात वाजताच येऊन घुमटांकडे पाहावे. घुमट हे २०१९ पासून आपले राज्य वारसा वाद्य आहे आणि आपल्याकडील सर्व घुमटे बकऱ्याच्या चामड्याची आहेत. पावसाळी हवेत हे चामडे सैल पडते आणि आवाज बसका निघतो. आरतीपूर्वी ती मंद उबेवर, विस्तवापासून पुरेशी दूर धरून शेकावी लागतात. शामेळ आणि कांसाळे वाजवणाऱ्यांनी आपले नाव वेगळे कळवावे, म्हणजे एकाच दिवशी सर्व वादक आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही, असे होणार नाही. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री दहा वाजता ध्वनिवर्धक व वादन दोन्ही बंद होतील. आरती कितीही रंगली तरी यात सवलत दिली जाणार नाही, कारण आपल्यातच लहान बाळे आणि आजारी माणसे आहेत.

अठरा वर्षांखालील मुलांना सहावी आणि सातवी पाळी दिली जाणार नाही. विसर्जनाच्या वेळी तळीच्या पायऱ्यांवर उतरण्यासही त्यांना परवानगी नाही. तेथे पट्टीचे पोहणारे सहा जण लागतील आणि त्यांनी ‘विसर्जन’ असे लिहून नाव द्यावे. निर्माल्य पाण्यात न टाकता वेगळ्या टोपल्यांत गोळा करण्यासाठी आणखी चार जण हवेत. ज्येष्ठ नागरिकांसाठी दुसरी पाळी सोयीची आहे, तेथे बसण्यासाठी खुर्च्या असतील. स्त्री-पुरुष असा भेद कोणत्याही पाळीत केलेला नाही.

घेतलेली पाळी काही कारणाने करता आली नाही, तर शक्यतो आपणच बदली माणूस पाहून आदल्या दिवशी सायंकाळी सहा वाजेपर्यंत मला कळवावे. सुयेर-सुतक, आजारपण किंवा अन्य घरगुती कारण सांगण्याची कोणावरही सक्ती नाही, केवळ ‘बदल हवा’ एवढे लिहावे. ज्यांना गाभाऱ्याजवळ येता येणार नाही, त्यांना इच्छा असल्यास मंडपाबाहेरील वाहनांच्या व्यवस्थेचे काम देता येईल. न कळवता गैरहजर राहिल्यास मात्र आधीच्या पाळीतील माणूस अडकून पडतो. रात्री दोन वाजता त्याने कोणाचे दार ठोठवावे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

नोंदणी *रविवार, ३० ऑगस्ट रोजी रात्री आठ वाजेपर्यंत* सुरू राहील. एकाच पाळीसाठी जास्त नावे आल्यास आधी आलेल्यास ती मिळेल आणि इतरांना जवळची मोकळी पाळी विचारून दिली जाईल. विचारल्याशिवाय कोणाचेही नाव कोठेही घातले जाणार नाही. अंतिम यादी बुधवारी, २ सप्टेंबर रोजी प्रसिद्ध होईल. रविवारी, ६ सप्टेंबर रोजी सकाळी दहा वाजता सभागृहात सर्व पाळीकऱ्यांची अर्ध्या तासाची बैठक होईल. तेथे मंडपाच्या किल्ल्या, विजेचे मुख्य बटण आणि प्रथमोपचार पेटी कोठे असेल हे प्रत्यक्ष दाखवले जाईल.

आपला,
सचिव, सार्वजनिक गणेशोत्सव समिती