भांडार विभागातील दोन कर्मचाऱ्यांमधील वादाबाबत चौकशी समितीचा अहवाल

प्रति,
सक्षम प्राधिकारी

विषय : ९ जुलैचा भांडारातील प्रसंग व त्यावरून आलेल्या दोन परस्परविरोधी तक्रारी

सहायक भांडारपाल (यापुढे ‘सहायक’) यांची तक्रार अशी की, वरिष्ठ भांडारपाल (यापुढे ‘वरिष्ठ’) यांनी सर्वांदेखत त्यांना चोर म्हटले आणि नोंदवही हिसकावताना ढकलले. वरिष्ठांची तक्रार अशी की, सहायकांनी साठा नोंदवहीत मागील तारखेची नोंद घुसवली आणि जाब विचारताच पान फाडले. दोघांचीही नावे सोबतच्या सीलबंद पाकिटात दिली आहेत. अहवाल अनेकांच्या हातून जाणार असल्याने त्यात ती लिहिलेली नाहीत.

कार्यपद्धती

समिती तीन जणांची होती. सुरुवातीला नेमलेल्या एका सदस्यांनी पूर्वी वरिष्ठांच्या हाताखाली काम केले होते. सहायकांनी त्यावर हरकत घेतली. ती रास्त वाटल्याने पहिल्या बैठकीपूर्वीच सदस्य बदलण्यात आले. दोन्ही पक्षांना एकमेकांच्या तक्रारीची व कागदपत्रांची प्रत देऊन उत्तरासाठी सात दिवस दिले. साक्षीदारांना विचारायचे प्रश्न दोघांनी लेखी दिले व ते अध्यक्षांनी विचारले. प्रत्येक जबाब वाचून दाखवून त्यावर सही घेतली. मधल्या काळात एक निनावी पत्र आले. ज्याला उलट प्रश्न विचारता येत नाही त्याच्या शब्दावर कोणाचीही नोकरी तोलू नये, म्हणून ते विचारात घेतलेले नाही.

ही विभागीय चौकशी असल्याने फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा आम्ही मागितला नाही. गोष्ट घडली नसण्यापेक्षा घडली असण्याचीच शक्यता अधिक आहे का, एवढी कसोटी लावली.

पुरावा

सर्वांत बोलका पुरावा म्हणजे टोनर काडतुसांच्या नोंदीचे फाटलेले पान. त्यावर ३ जुलैची शिल्लक २४ आहे. त्याखाली ८ जुलै रोजी वरिष्ठांनी लाल शाईने ‘प्रत्यक्ष १८’ असा शेरा मारला आहे. या दोन ओळींच्या मधल्या अरुंद जागेत, बारीक अक्षरात, ५ जुलै रोजी ६ नग दिल्याची नोंद आहे. अक्षर आपलेच असून ही ओळ ९ जुलैला सकाळी लिहिली, हे सहायकांनी पहिल्याच बैठकीत मान्य केले.

पानाकडे नुसते पाहिले तर संशय येतोच. तो आम्हालाही आला. म्हणून मागणी चिठ्ठ्यांची फाईल मागवली. तिच्यात ५ जुलैच्या दोन चिठ्ठ्या आहेत, एक ४ नगांची आणि दुसरी २ नगांची. दोन्हींवर माल घेणाऱ्या विभागांच्या सह्या आहेत. आम्ही त्या विभागांत जाऊन त्यांच्या आवक वह्या पाहिल्या. दोन्हीकडे त्याच तारखेला तेवढीच काडतुसे जमा आहेत.

मग नोंद ५ जुलैलाच का झाली नाही? वरिष्ठ ४ ते ७ जुलै रजेवर होते आणि साठा नोंदवही त्यांच्या कपाटात कुलूपबंद होती. किल्ली त्यांच्याकडेच होती, हे ते स्वतः सांगतात. कार्यभार सोपवल्याचा कागद नाही. सहायकांनी २४ जून रोजी विभागप्रमुखांना ईमेल पाठवून ‘रजेच्या काळात नोंदवही कोणाकडे असावी’ असे विचारले होते. ईमेल पोहोचल्याचे संगणक विभागाने पडताळले आहे. त्याला उत्तर गेलेले नाही.

प्रसंगाच्या वेळी भांडारात सहा जण होते. ‘चोरी झाकायला ओळ घुसवलीस ना?’ हे वाक्य त्यांपैकी पाच जणांनी जवळजवळ याच शब्दांत सांगितले. सहावे फोनवर बोलत होते. पुढच्या झटापटीबाबत मात्र जबाब जुळत नाहीत. एकाने दोघांचेही हात वहीवर पाहिले. दुसऱ्याने सहायक मागे जाऊन टेबलावर आदळताना पाहिले, पण धक्का दिलेला पाहिला नाही. बाकीच्यांनी आवाज झाल्यावर माना वळवल्या. कॅमेरा बाहेरच्या दाराचा असून त्यात आवाज नाही. ४ वाजून ४१ मिनिटांनी वरिष्ठ आत गेले आणि ४४ मिनिटांनी सहायक रिकाम्या हातांनी बाहेर आले, इतकेच त्यात दिसते. सहायकांनी कोपरावरच्या वळाचे छायाचित्र दिले आहे. त्यातून वळ सिद्ध होतो, पण तो कशाने उठला ते समजत नाही.

निष्कर्ष व कारणे

चोरी किंवा अपहार झालेला नाही. सहाही नगांचा हिशेब लागतो. हा निष्कर्ष एकमताचा असून त्याबाबत आमच्या मनात शंका उरलेली नाही.

सहायकांनी मागील तारीख टाकून नोंद केली, हे सिद्ध होते. नोंदवही हाती नसल्याने ५ जुलैला नोंद न होणे हा त्यांचा दोष नाही. पण ८ जुलैला वही उपलब्ध होती आणि त्या दिवशीही नोंद राहिली. लाल शेरा दिसल्यावर त्यांनी शेऱ्याखाली ९ जुलैची तारीख घालून ‘५ जुलैच्या चिठ्ठ्यांनुसार’ असे लिहायला हवे होते. हेतू लबाडीचा दिसत नाही, कारण चिठ्ठ्या फाईलमध्ये उघड्या होत्या. तरीही नोंदवहीवरचा विश्वास अशा ओळींनीच जातो.

वरिष्ठांनी चोरीचा आरोप जाहीरपणे केला, हेही सिद्ध होते. संशय येणे स्वाभाविक होते. परंतु तफावत त्यांना ८ जुलैलाच कळली होती. मधल्या पूर्ण दिवसात त्यांनी ना सहायकांना विचारले, ना चिठ्ठ्यांची फाईल उघडली. ती फाईल त्यांच्या टेबलापासून चार पावलांवर असते. चौदा वर्षांच्या निष्कलंक सेवेतून आलेली त्यांची तळमळ आम्ही समजू शकतो, पण तिने त्या वाक्याचे समर्थन होत नाही.

ढकलल्याचा आणि पान मुद्दाम फाडल्याचा, असे दोन्ही आरोप सिद्ध होत नाहीत. वही दोन्ही बाजूंनी ओढली गेली, एवढेच खात्रीने म्हणता येते. याचा अर्थ कोणी खोटे बोलले असा घेऊ नये. ढकलल्याच्या मुद्द्यावर एका सदस्यांचे मत वेगळे आहे : टेबलावर आदळणे आणि वळ एकत्र पाहता धक्का दिला गेल्याची शक्यता अधिक, असे त्यांना वाटते. त्यांची टिप्पणी सोबत जोडली आहे.

शिफारशी

दोघांनाही आपापल्या चुकीपुरती लेखी समज द्यावी. दोन्ही पत्रे एकाच दिवशी, सारख्याच स्वरूपात द्यावीत. चोरीचा आरोप निराधार ठरल्याचे वरिष्ठांनी त्या सहा जणांसमोर सांगावे. शब्द उघडपणे बोलले गेले, तेव्हा ते मागेही उघडपणेच घ्यायला हवेत. सहायकांच्या सेवापुस्तकात या आरोपाचा उल्लेख येऊ नये.

बदली कोणाचीही करू नये. सहायकांची केली तर लोक त्यांना चोर समजतील, वरिष्ठांची केली तर मारहाण सिद्ध झाली असे मानतील. दोन्ही समज पुराव्याविरुद्ध आहेत. पहिले तीन महिने साठ्याची मासिक मोजणी लेखा विभागातील तिसऱ्या व्यक्तीसमोर व्हावी आणि दोघांचे एकमेकांविषयीचे म्हणणे तिनेच ऐकावे.

रजेवर जाताना नोंदवही व किल्ली सहीनिशी सोपवावी. उशिरा केलेली नोंद नेहमी शेवटच्या ओळीखालीच, दोन्ही तारखांसह असावी. फाटलेले पान मूळ वहीत न चिकटवता पाकिटात जपावे आणि वहीत तसा शेरा मारावा.

विभागप्रमुख या चौकशीत पक्षकार नव्हते व त्यांना बचावाची संधी मिळालेली नाही. त्यामुळे त्यांच्याबाबत आम्ही निष्कर्ष काढत नाही. २४ जूनच्या ईमेलबाबत त्यांचे म्हणणे स्वतंत्रपणे मागवावे, अशी विनंती आहे.

अहवालाची प्रत दोन्ही पक्षांना एकाच वेळी द्यावी व निर्णयापूर्वी त्यांना लेखी निवेदनासाठी दहा दिवस मिळावेत.

अध्यक्ष (स्वाक्षरी)
सदस्य (स्वाक्षरी, स्वतंत्र टिप्पणीसह)
सदस्य सचिव (स्वाक्षरी)

सोबत : सात जबाब व दोन तक्रारी, फाटलेले पान, मागणी चिठ्ठ्या, ईमेलची प्रत, कॅमेऱ्याचे चित्रण, छायाचित्र, सदस्यांची टिप्पणी, नावांचे सीलबंद पाकीट