ऑगस्ट 2025 च्या बँक खातेउताऱ्याचा सारांश

आपल्या संयुक्त बचत खात्याचा 1 ते 31 ऑगस्टचा उतारा नोंद-नोंद तपासून हा सारांश घरातील सर्वांसाठी लिहिला आहे. महिन्याच्या आरंभी खात्यात 42,360 रुपये होते. महिनाभरात 3,03,199 रुपये जमा झाले, 2,46,909 रुपये नावे पडले आणि 31 तारखेला 98,650 रुपये शिल्लक राहिले. शिल्लक 56,290 रुपयांनी वाढलेली पाहून महिना चांगला गेला असे वाटेल. मात्र ही वाढ खरी नाही, आणि सप्टेंबरचे अंदाजपत्रक तिच्या भरवशावर आखू नये, हे आकडे पाहिल्यावर पटेल.

जमा बाजू

जमेच्या तीन लाखांपैकी आपले नेहमीचे उत्पन्न केवळ 1,09,650 रुपये आहे: पहिला पगार 68,400 आणि 5 तारखेला येणारा दुसरा पगार 41,250. पहिला पगार उताऱ्यात दोनदा दिसतो. जुलैचा पगार एक दिवस उशिरा, 1 ऑगस्टला जमा झाला, तर ऑगस्टचा पगार महिनाअखेर रविवारी येत असल्याने शुक्रवारी, 29 तारखेलाच आला. महिनाअखेरचा पगार आपण पुढच्या महिन्याच्या खर्चासाठी धरतो, त्यामुळे 29 तारखेचे 68,400 रुपये सप्टेंबरचे आहेत. ते वगळले तर खऱ्या अर्थाने मागे उरलेली रक्कम 30,250 रुपये होते, म्हणजे आरंभीच्या शिलकीपेक्षा 12,110 रुपयांनी कमी.

मुदत ठेव संपून जमा झालेल्या 1,06,850 रुपयांपैकी एक लाख आपलेच मुद्दल होते आणि ते त्याच दिवशी नव्या ठेवीत गेले, म्हणून ते ना उत्पन्नात धरले आहे ना खर्चात. 6,850 रुपये व्याज हे उत्पन्नच आहे, पण ते वर्षातून एकदाच येते, म्हणून मासिक हिशेबाबाहेर ठेवले. दुसऱ्या खात्यातून आणलेले 15,000 रुपये ही आपल्याच पैशांची हलवाहलव आहे. उरलेले 3,299 रुपये जुलैमध्ये घेऊन परत केलेल्या वस्तूचे आहेत. ते जुलैच्या खर्चातून वजा करायचे आहेत.

खर्चाचे मुख्य गट

सर्वांत मोठा गट घराचा: कर्जाचा हप्ता 26,500 आणि सोसायटीची देखभाल 3,200, मिळून 29,700 रुपये. वीज, गॅस, फोन आणि इंटरनेट यांना 6,177, प्रवास आणि इंधन यांना 6,150, तर डॉक्टर आणि औषधे यांना 2,735 रुपये लागले. या गटांत विशेष काही आढळले नाही.

किराणा, दूध आणि भाजी यांच्या थेट नोंदी 16,845 रुपयांच्या आहेत, पण हा आकडा अपुरा आहे. उताऱ्यात 'क्रेडिट कार्ड बिल 11,920' अशी एकच नोंद दिसते. तिला स्वतंत्र खर्च मानले, तर पैसे कशावर गेले हे कधीच कळणार नाही, म्हणून कार्डाचे बिल वेगळे काढून ही रक्कम फोडली: किराणा 3,480, कपडे 4,150, बाहेरचे जेवण 2,590 आणि ऑनलाइन सेवांची वर्गणी 1,700. यानुसार किराण्याचा खरा खर्च 20,325 रुपये होतो. अंदाजपत्रकात हाच आकडा धरावा.

शिक्षणावर 21,000 रुपये दिसतात. त्यांतील 3,000 शिकवणीचे आणि 18,000 शाळेच्या तिमाही शुल्काचे आहेत. विम्याचा 14,160 रुपयांचा वार्षिक हप्ताही याच महिन्यात गेला. शुल्काचे दरमहा 6,000 आणि विम्याचे 1,180 धरले, तर प्रत्येक महिन्याने 7,180 रुपये बाजूला ठेवायला हवेत. ते ठेवले नव्हते, म्हणूनच दुसऱ्या खात्यातून 15,000 आणावे लागले. या दोन्ही तारखा आपल्याला आधीपासून माहीत होत्या, त्यामुळे ही ओढाताण टाळता आली असती असे मला मनापासून वाटते.

आवर्ती ठेवीत 8,000 आणि म्युच्युअल फंडात 5,000 असे 13,000 रुपये गेले. ही बचत आहे, तरीही दर महिन्याला पगारातून ती बाजूला काढावी लागते, म्हणून पुढील ताळेबंदात ती बाहेर जाणाऱ्या रकमेतच धरली आहे.

मला सर्वांत जास्त खटकलेली बाब रोख रकमेची आहे. एटीएममधून चार वेळा मिळून 13,000 रुपये काढले गेले. आपण सर्वांनी बसून आठवले तेव्हा 7,400 रुपयांचा हिशेब लागला. 5,600 रुपये कुठे गेले हे कोणालाच सांगता आले नाही. कोणी चूक केली असे मला म्हणायचे नाही. रोखीचा खर्च उताऱ्यात उमटत नाही आणि मनातही टिकत नाही. परंतु ही रक्कम आपल्या औषधोपचाराच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक आहे.

वेगळ्या वाटलेल्या नोंदी

12 तारखेला औषधांच्या दुकानाच्या नावे 1,486 रुपयांच्या दोन नोंदी लागोपाठ आहेत आणि घरात पावती एकच आहे. एक नोंद औषधांच्या गटात धरली आहे. दुसरी चुकून पडलेली दिसते, तिची तक्रार पावतीसह बँकेकडे करायची आहे. 18 तारखेपासून एका ॲपची 499 रुपयांची मासिक वर्गणी सुरू झाली आहे. मोफत मुदत संपल्यावर ती आपोआप कापली गेली. ॲप कोणी वापरत नसल्यास परवानगी लगेच रद्द करावी.

21 तारखेला अनोळखी नावाने एक रुपया कापला गेला आहे. रक्कम क्षुल्लक असली तरी मी तिला या महिन्यातील सर्वांत गंभीर नोंद मानतो, कारण चोरलेले कार्ड चालू आहे का, हे पाहण्यासाठी फसवणूक करणारे आधी अशीच लहान रक्कम कापून पाहतात. घरातील कोणालाही ही नोंद ओळखता आली नसल्याने कार्ड आजच बंद करून नवे मागवत आहे. डेबिट कार्डाचे 236 रुपये शुल्क मात्र नेहमीचे वार्षिक शुल्क आहे.

एका नातेवाइकांना दिलेले 10,000 रुपये उसने आहेत. त्यांनी ते ऑक्टोबरअखेर परत करण्याचे सांगितले आहे, म्हणून ती रक्कम खर्चात धरलेली नाही, येणे असलेल्या रकमांच्या यादीत लिहिली आहे.

खरा ताळेबंद

मुदत ठेवीचे एक लाख वगळता बाहेर गेलेली रक्कम 1,46,909 रुपये आहे, म्हणजे नेहमीच्या उत्पन्नापेक्षा 37,259 रुपयांनी जास्त. शुल्क आणि विमा यांचा केवळ एका महिन्याचा वाटा धरून, उसने पैसे, दुहेरी नोंद, ॲपची वर्गणी आणि तो एक रुपया बाजूला काढला, तर हाच आकडा 1,09,943 रुपयांवर येतो. उत्पन्नापेक्षा तो 293 रुपयांनी अधिक आहे. बचत धरून आपला महिना काठोकाठ बसतो. अचानक आलेल्या खर्चाला त्यात जागा नाही.

सप्टेंबरसाठी माझे प्रस्ताव असे आहेत. पगार जमा होताच 7,180 रुपये दुसऱ्या खात्यात वर्ग करावेत. एटीएममधून महिन्याला 8,000 रुपयेच काढावेत आणि रोखीचा प्रत्येक खर्च स्वयंपाकघरातील वहीत त्याच दिवशी लिहावा. यातून हाती राहणारे 5,000 रुपये अचानक येणाऱ्या खर्चासाठी खात्यातच ठेवावेत. किराण्याची मर्यादा मी तूर्त 20,000 धरली आहे. ती कमी वाटत असेल, तर येत्या रविवारी बसू तेव्हा तसे सांगावे, म्हणजे कपडे आणि बाहेरचे जेवण यांचा आकडा त्याप्रमाणे कमी करता येईल.